दोन शब्द पाळले, तिसरा फोनवर दिला

प्रश्न: पुढच्या महिन्यात कोपरखैरण्याला माझ्या मामेभावाचा साखरपुडा आहे. मला माइकवर दोन मिनिटं बोलायचंय, त्याची थोडी खेचायचीय. दोन गोष्टी सरळ सांगायच्या आणि तिसरी फिरवायची, एवढं माहितीये. ‘दादाला तीन गोष्टी आवडतात, क्रिकेट, बिर्याणी आणि झोप’ असं घरी म्हणून बघितलं तर कुणी हसलं नाही. ऑफिसात एकदा असंच केलं तेव्हा ज्याच्यावर होतं तो खट्टू झाला. दादा कायम उशिरा येतो, फोनवर ‘निघालोय’ म्हणतो तेव्हा घरात टॉवेलवर असतो. वहिनी वेळेची पक्की. यातून काही जमेल का? नक्की चुकतंय कुठे?

उत्तर:

मजकूर तुमच्याकडेच आहे, आणि तो प्रश्नाच्या शेवटी पडलाय. ‘निघालोय’ हा एक शब्द हॉलमधल्या दीडशे माणसांना पुरेल. कारण ठाणे-वाशी पट्ट्यात घरातून न निघता ‘निघालोय’ म्हटलं नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. मी बावीस वर्षं निवेदन करतोय, साखरपुडे, हळदी, निरोपसमारंभ, सोसायट्यांचे गणपती. त्या हिशोबाने सांगतो.

आधी क्रिकेट-बिर्याणी-झोप का पडलं ते बघू. पहिल्या दोन गोष्टींचं काम ऐकणाऱ्याच्या डोक्यात एक रेघ मारायचं असतं. एका बिंदूने रेघ ठरत नाही, दोन बिंदू लागतात, म्हणून मोडायला तिसरा. क्रिकेट आणि बिर्याणी यांतून रेघ निघते ‘आळशी, मजेत असलेला पोरगा’ अशी. आणि झोप त्याच रेघेवर पडते. म्हणजे तुम्ही वळलातच नाही, सरळ गेलात. लोकांना तिसरी गोष्ट तुमच्या आधी कळली होती. चौथी घातली असती तरी उपयोग नव्हता. चौथीला लोक मोजायला लागतात, आणि मोजणारा माणूस हसत नाही.

आता यावर लोक साधारण एक उपाय करतात, तो म्हणजे तिसरी गोष्ट जास्त झणझणीत करायची. क्रिकेट, बिर्याणी आणि शेजारच्या बिल्डिंगमधली अमुक. वळण मिळालं, हशाही मिळेल, आणि ज्याची खेचली तो खट्टू होईल. ऑफिसात तुमचं बहुतेक हेच झालं असणार. कुणाची खेचायची असेल तर वळण वर नाही, खाली घ्यायचं. म्हणजे लोकांना वाटलं पाहिजे की आता काहीतरी मोठं येतंय, भारदस्त किंवा थोडं धोक्याचं, आणि पडावं एकदम क्षुल्लक. हसताना लोक सुटकेचा श्वासही सोडतात. ज्याच्यावर पंच आहे तोही सोडतो, कारण त्याला वाटलं होतं त्यापेक्षा स्वस्तात सुटला. खेचण्यातली गंमत तिथेच टिकते.

तुमच्या मजकुरावर हे करून बघू. ‘निघालोय’ क्षुल्लक आहे, म्हणून ते तिसरं. त्याच्या आधीच्या दोन गोष्टी भारदस्त हव्यात, आणि तिन्ही एकाच जातीच्या हव्यात. ‘निघालोय’ हे काय आहे? तो एक शब्द आहे, दिलेला शब्द. मग पहिले दोनही दिलेले शब्दच शोधायचे, आणि ते खरे हवेत. मी असा बांधला असता:

‘दादाने आजवर तीन जणांना शब्द दिला. दहावीत असताना मामाला म्हणाला, इंजिनिअर होईन. झाला. आजीला म्हणाला, नातसून आणीन, तुझ्या पसंतीची. आणली. आणि आज सकाळी साडेनऊला मला फोनवर म्हणाला, निघालोय.’

इथे थांबायचं. तोंड बंद.

यात ‘झाला’ आणि ‘आणली’ हे दोन सुटे शब्द वरवर फुकटचे वाटतील. सगळा पंच त्यांच्यावर उभा आहे. शब्द दिला, पाळला. शब्द दिला, पाळला. शब्द दिला, आणि पुढची जागा रिकामी. ती रिकामी जागा ऐकणारे स्वतः भरतात, प्रत्येक जण आपापल्या घरातल्या ‘निघालोय’वाल्याला आठवून. आरोप तुम्ही केलेलाच नसतो, तो हॉलने केलेला असतो. म्हणून इथे ‘पण निघाला कुठे होता!’ असं वाक्य जोडायचा मोह होईल तो गिळा. नवशिक्या निवेदकाची मला दिसलेली सगळ्यात मोठी चूक हीच. पंच बसलाय की नाही याची खात्री वाटत नाही म्हणून तो समजावून सांगतो, आणि लोकांना स्वतः पोचण्याची मजा मिळायची ती घालवतो.

पहिले दोन शब्द बनवू नका, घरी विचारून खरे घ्या. इंजिनिअर नसेल तर जे असेल ते. पहिल्या शब्दावर मामाने मान हलवली पाहिजे, दुसऱ्यावर आजीने. त्यांची मान हलली की बाकीचा हॉल समजतो की पोरगा मनापासून बोलतोय, कौतुकाचं भाषण चाललंय. फसवणूक तीच आहे. चुकीची वाट दाखवायची म्हणजे खोटं बोलायचं असं नाही. लोकांना वाटतं कौतुक चाललंय, आणि कौतुक खरंच चाललेलं असतं, फक्त ते तिसऱ्या शब्दापर्यंतच. आणि आजी समारंभाला असतील, धडधाकट असतील, तरच आजीचं वाक्य. आजी नुकत्याच गेल्या असतील किंवा आजारी असतील तर दुसऱ्या शब्दावर हॉलचा गळा दाटेल, आणि दाटलेल्या गळ्यावर ‘निघालोय’ आदळलं तर ते निर्लज्ज वाटेल. मग दुसरा शब्द दुसऱ्या कुणाला दिलेला शोधा.

आता मराठीपुरती एक अडचण सांगतो, जी इंग्रजीतले विनोद ऐकून शिकलेल्यांच्या लक्षात येत नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं. तुम्ही सहज बोलाल ते असं: ‘आणि आज सकाळी त्याने मला निघालोय असं फोनवर सांगितलं.’ लोक ‘निघालोय’ला हसायला तोंड उघडतात, आणि तुम्ही त्यांच्या हशावर ‘असं फोनवर सांगितलं’ ओतता. अर्धे लोक शिष्टाचाराने तोंड मिटतात, कारण तुमचं बोलणं संपलेलं नसतं. हशा खाल्ला तो तुम्हीच. म्हणून ‘म्हणाला’ आधी आणायचं आणि शब्द शेवटी ठेवायचा. आपली भाषा वाकायला तयार असते, फक्त लिहिताना वाकवावी लागते. बोलताना ऐनवेळी सुचत नाही. वळवणारा शब्द वाक्यात शेवटचा आहे का, हे कागदावर बोट ठेवून बघा. त्याच्या मागे ‘आहे’, ‘असतो’, ‘वगैरे’ काहीही उरलं असेल तर वाक्य उलटं करा. ‘दादा फक्त पंगतीला वेळेवर येतो’ यापेक्षा ‘दादा वेळेवर येतो एकाच ठिकाणी, पंगतीला’ हे जास्त हसवेल. माहिती एकच आहे, फक्त ‘येतो’ आधी आला.

दुसरी मराठी भानगड लिंगाची. ‘एक, दुसरा, तिसरी’ म्हटलंत की ऐकणाऱ्याला पुढे येणारी गोष्ट स्त्रीलिंगी आहे हे आधीच कळतं. चाणाक्ष माणूस तेवढ्यावर ओळखतो. ‘दादाने दोन मित्र केले आणि तिसरी...’ म्हणेपर्यंत मागची आत्या ‘बायको!’ ओरडून मोकळी. मी वर ‘शब्द’ निवडला त्याचं हेही एक कारण. तिन्ही वेळा पुल्लिंगीच, काही फुटत नाही. मोठा भाग बांधताना मी सगळ्या गोष्टींना झाकणारं एकच नाम शोधतो, शब्द, प्रसंग, वेळा, फोन, असं काहीतरी. ते सापडलं की अर्धं काम होतं.

उलट हीच गळती हत्यार म्हणूनही वापरता येते. ‘लग्न ठरायच्या आधी दादा रोज सकाळी एकीला भेटायला धावत जायचा. ती चुकली की दिवसभर चिडचिड. एकदा तर तिच्यासाठी चप्पल तुटली. सात बावन्नची ठाणे लोकल.’ भाषा ‘ती’ म्हणते, लोक मुलगी समजतात, निघते लोकल. ऑफिसच्या पार्टीत, मित्रांत हे चालतं. तुमच्या साखरपुड्यात मी हे वापरणार नाही, आणि कारण नीट सांगतो, कारण फसवण्याच्या बाबतीत मला सगळ्यात उपयोगी पडलेली कसोटी हीच आहे.

हॉलमध्ये कुणीच सगळं ऐकत नसतं. वेलकम ड्रिंक फिरत असतं, कुणाचं तरी पोर स्टेजवर चढलेलं असतं, स्पीकर एका बाजूला घुमतो. समजा नवरीच्या काकांनी ‘रोज सकाळी एकीला भेटायला धावत जायचा’ एवढंच ऐकलं आणि त्याच वेळी कुणीतरी त्यांना पाणी विचारलं. त्यांच्याकडे काय उरलं? नवऱ्या मुलाची एक मैत्रीण. लोकल त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. म्हणून विचारायचं: शेवटचा शब्द ऐकू आला नाही तर ऐकणाऱ्याच्या हातात काय राहतं? ‘तीन शब्द दिले’मध्ये अर्धंच ऐकलेल्या माणसाच्या हाती राहतं की मुलगा शब्दाला जागतो. बिघडलं तरी कौतुकच उरतं. चुकीची वाट अशी हवी की तिच्यावर दोन सेकंद उभं राहायला कुणालाच अवघड वाटू नये, विशेषतः समोरच्या मांडवातल्या माणसांना, ज्यांची तुमच्या घराशी जेमतेम दोन चहांची ओळख आहे.

ही कसोटी मी पुस्तकातून शिकलो नाही. एका कार्यालयाच्या निरोपसमारंभात मी म्हणालो होतो, ‘साहेबांनी आम्हाला तीन गोष्टी शिकवल्या. वेळेवर यायचं. काम चोख करायचं. आणि पाचच्या ठोक्याला अदृश्य व्हायचं.’ बांधणी बघाल तर ठीक आहे. वळण खाली, शेवटचा तुकडा थोडा लांब पण चालेल. मला ही माहिती एका कारकुनाने दिली होती, की साहेब पाचला नाहीसे होतात, सगळे त्यावरून हसतात. तो ज्यांच्यात बसायचा ते हसत असतीलही. पुढच्या दोन रांगांना माहीत होतं की साहेबांच्या पत्नीचं डायलिसिस चालू होतं आणि आठवड्यातून तीनदा त्यांना न्यायला जायचं असे. पुढच्या दोन रांगा गप्प, मागे तुरळक हसू. साहेब स्वतः हसले, मला सांभाळून घ्यायला. ते जास्त लागलं. त्या दिवसापासून तिसरी गोष्ट मी दोघांना दाखवल्याशिवाय माइकवर नेत नाही. एक, ज्याच्यावर आहे त्याच्या घरचं माणूस. दोन, त्याच्या जवळचा मित्र. त्यांना फक्त एवढंच विचारतो, ‘असं तो का करतो?’ उत्तर ‘अरे तो आळशीच आहे’ असं हसत आलं तर ठीक. उत्तराआधी क्षणभर शांतता आली तर ती गोष्ट कागदावरून कापायची, मग कितीही चांगली असो.

तुमच्या बाबतीत मामींना विचारा. दादाला स्वतःला आधी सांगायची गरज नाही, पण त्याला ‘उशीर’ हा विषय माहीत असला पाहिजे, त्यावर तो आधी हसलेला असला पाहिजे. खेचताना ज्याच्यावर पंच आहे त्याला नवी माहिती कळता कामा नये. त्याच्यासाठी वाट नवी, मुक्काम जुना.

आता वेळेचं. सगळे सांगतात, पंचआधी मोठा पॉज घ्या. मी इतकं छातीठोकपणे सांगणार नाही. सॅल्वातोरे अटार्डो आणि लुसी पिकरिंग या भाषाशास्त्रज्ञांनी लोकांनी सांगितलेल्या विनोदांची रेकॉर्डिंग मोजून पाहिली होती, त्यांचा लेख २०११ साली आला. शेवटच्या ओळीआधी खास लांब विराम किंवा चढलेला आवाज त्यांना आढळला नाही. माझा माइकवरचा अनुभव त्याच्याशी जुळतो. आधी मोठा पॉज घेतला की लोक सावध होतात, ‘आता येतोय’ म्हणून. आणि सावध माणसाला फसवता येत नाही. वेळ साधायचा तो पहिल्या दोन तुकड्यांत. दोन्ही जवळपास सारख्या लांबीचे, सारख्या सुरात, घाई न करता, ‘झाला’ आणि ‘आणली’ नंतर एक-एक श्वास. तो श्वास दोनदा ऐकला की लोकांच्या कानात ठेका बसतो. तिसऱ्याला तुम्ही ठेका मोडत नाही, तसाच चालू ठेवता, तोच भारदस्त आवाज. ‘साडेनऊला’ म्हणतानाही गंभीर. आवाजात हसू आलं की पंच फुटला. पाठांतराला फोनवर रेकॉर्ड करा आणि फक्त हेच ऐका: तिसऱ्या तुकड्याआधी तुमचा सूर हलका होतोय का? बहुतेकांचा होतो. आपल्यालाच हसू येत असतं.

‘साडेनऊला’ हा तपशील काढू नका. साखरपुड्याचा मुहूर्त साडेदहाचा असेल आणि दादाचं घर घोडबंदर रोडला, तर साडेनऊ ऐकताक्षणी हॉल मनात हिशोब करतो, घोडबंदर, कापूरबावडी, मग ऐरोलीवरून कोपरखैरणे, आणि ‘निघालोय’ पडायच्या आत त्यांच्या लक्षात यायला लागतं की काहीतरी गडबड आहे. हे अर्धं लक्षात येणं फार उपयोगी असतं. पूर्ण कळलं तर मजा जाते, काहीच कळलं नाही तर पंच उमगायला उशीर होतो. वेळ तुमच्या मुहूर्ताप्रमाणे बदला, पण नेमकी ठेवा. ‘आज सकाळी’ एवढंच म्हटलंत तर हिशोबाला काही उरत नाही.

तुम्ही सुरुवातीला ‘तीन’ म्हणावं का? जेवणाच्या टेबलावर नको, तिथे माणसं जवळ असतात आणि आकडा ऐकला की तिसऱ्याकडे डोळे लावून बसतात. हॉलमध्ये मी म्हणतो. तिथे चाणाक्ष माणसांपेक्षा लक्ष उडालेली माणसं जास्त असतात, आणि ‘तीन’ म्हटलं की निदान तिसरं ऐकायला ती वळतात.

‘निघालोय’नंतर हशा आला तर तो पुढून येतो आणि मागच्या रांगांना एक क्षण उशिरा पोचतो. पुढच्यांचं हसणं ओसरायला लागलं की लगेच बोलू नका, मागच्यांचं व्हायचं असतं. हशा निम्म्यावर आला की शेपूट लावा: ‘मागून मामीचा आवाज येत होता. अरे, टॉवेल तरी घे!’ हे शेपूट पंचपेक्षा मोठ्याने हसवेल अशी माझी अटकळ आहे, कारण आता फसवणूक नाही, चित्र आहे. पण ते ‘निघालोय’च्या आधी कधीच वापरू नका. टॉवेल आधी आला तर ‘निघालोय’ला काम उरत नाही. आणि मामींना विचारा हे पुन्हा सांगतो, कारण आता पात्र त्यासुद्धा आहेत. त्या तयार असतील तर त्यांना म्हणावं, तुमच्या वाक्यावर डोक्याला हात लावा. तमाशात बतावणीतला सोंगाड्या एकटा हसवत नाही, समोरचा त्याला झेल देतो. इथे मामी तो झेल देतील.

आणि हशा आलाच नाही तर? तेही होतं, मला महिन्यातून एकदा होतं. मग तिथे उभं राहून वाट बघायची नाही, ‘समजलं का?’ तर नाहीच नाही. एका श्वासाचं अंतर ठेवून, जणू हशाची अपेक्षाच नव्हती अशा सुरात, थेट पुढचं वाक्य: ‘वहिनी, यापुढे ते निघालोय तुम्ही ऐकायचं.’ हे वाक्य हशा आला तरी आणि नाही आला तरी चालतं, म्हणून ते पाठ असू द्या. हशा आला तर शेपटानंतर घ्या, नाही आला तर शेपूट गाळून. यातला मान वहिनींकडे जातो, त्या वेळेच्या पक्क्या आहेत हे त्यांच्याकडच्यांना माहीत असणार, ते टाळ्या वाजवतील. तिथून माइक वहिनींच्या हाती द्या. त्यांना काही सुचलं तर त्या दादाची तुमच्यापेक्षा चांगली खेचतील, नाही सुचलं तर त्या घड्याळाकडे बघतील, आणि तेवढंही पुरेल.

सगळं मिळून चाळीस-पंचेचाळीस सेकंद होतील. दोन मिनिटं दिलीत म्हणून दोन मिनिटं भरायची नसतात. एकच त्रिकूट ठेवा. दुसरं जोडलंत तर लोक पहिल्यावरून शिकलेले असतात, दोन ऐकून तिसऱ्याची वाट बघतात, आणि दादा खरंच उशिरा आला तर तुमच्याकडे तिसरं काही उरायला हवं.